नोकरी बदलली, टीडीएस शून्य, तरी जुलैत 87 हजारांचा कर! रिटर्नसाठी वर्षभर कोणते कागद जमवायचे?

जून महिना आला की ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, "फॉर्म 16 आला का?" तो आला की रिटर्न भरायचं आणि मोकळं व्हायचं, असा बहुतेक पगारदारांचा हिशोब असतो. एकच नोकरी, एकच बँक खातं आणि बाकी काहीच नसेल, तर हा हिशोब चालूनही जातो.

पण वर्षात नोकरी बदलली असेल, कुठेतरी एफडी असेल, म्युच्युअल फंडाचे थोडे युनिट विकले असतील, तर एकटा फॉर्म 16 पुरत नाही. तेव्हा लागणारे बाकीचे कागद वर्षभरात वेगवेगळ्या महिन्यांत तयार होतात आणि जुलैमध्ये एकदम शोधायला गेलं की नेमका एखादा सापडत नाही. म्हणून एप्रिलपासूनच एक यादी करून ठेवायची. ती कशी करायची आणि नाही केली तर किती पैसे जातात, हे एका उदाहरणातून पाहूया.

(इथले फॉर्म आणि कलमांचे क्रमांक 1961 च्या प्राप्तिकर कायद्यातले आहेत. आर्थिक वर्ष 2025-26 च्या उत्पन्नाला हाच कायदा लागू आहे. 1 एप्रिल 2026 पासूनच्या उत्पन्नाला 2025 चा नवा कायदा लागू होतो. त्यात 'आर्थिक वर्ष' आणि 'करनिर्धारण वर्ष' या जोडीऐवजी 'कर वर्ष' हा एकच शब्द आहे. कागद मात्र त्याच प्रकारचे लागतात.)

उदाहरण: पुण्यातली एक नोकरदार तरुणी

समजा, पुण्यात आयटी कंपनीत काम करणारी एक तरुणी आहे. एप्रिल ते सप्टेंबर 2025 ती पहिल्या कंपनीत होती, पगार महिना 95 हजार. ऑक्टोबरपासून दुसऱ्या कंपनीत, पगार महिना 1 लाख 40 हजार. म्हणजे सहा महिन्यांचे 5 लाख 70 हजार आणि पुढच्या सहा महिन्यांचे 8 लाख 40 हजार, एकूण 14 लाख 10 हजार रुपये.

याशिवाय बचत खात्यावर 6 हजार आणि एफडीवर 18 हजार रुपये व्याज मिळालं. डिसेंबरमध्ये तिने म्युच्युअल फंडाचे 60 हजारांचे युनिट विकले.

आता गंमत बघा. पहिल्या कंपनीने एप्रिलमध्ये अंदाज काढला, 95 हजार गुणिले 12, म्हणजे 11 लाख 40 हजार. नव्या कररचनेत पगारदाराला 75 हजारांची प्रमाणित वजावट मिळते आणि 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. त्यामुळे पहिल्या कंपनीने टीडीएस कापलाच नाही. दुसऱ्या कंपनीला दिसत होते फक्त सहा महिन्यांचे 8 लाख 40 हजार. त्यातूनही 75 हजार वजा केले, पुन्हा कर शून्य, पुन्हा टीडीएस नाही.

दोन्ही कंपन्यांनी आपापल्या माहितीनुसार बरोबरच केलं. फक्त 75 हजारांची वजावट आणि 12 लाखांपर्यंतची सूट दोनदा धरली गेली. रिटर्न भरताना दोन्ही पगार एकत्र येतात तेव्हा खरं चित्र असं दिसतं:

पगार 14,10,000 आणि व्याज 24,000 मिळून 14,34,000. त्यातून 75,000 वजा केले की 13,59,000 उरतात. नव्या रचनेत पहिल्या 4 लाखांवर कर नाही, पुढच्या 4 लाखांवर 5 टक्के म्हणजे 20,000, त्यापुढच्या 4 लाखांवर 10 टक्के म्हणजे 40,000 आणि वरच्या 1,59,000 वर 15 टक्के म्हणजे 23,850. बेरीज 83,850. त्यावर 4 टक्के सेस धरून जवळपास 87,200 रुपये. हे सगळे एकरकमी भरायचे, कारण आधी एक रुपयाही कापलेला नाही.

आणि इथेच थांबत नाही. वर्षाचा देय कर 10 हजार किंवा त्याहून जास्त असेल तर तो वर्ष सुरू असतानाच अग्रिम कर म्हणून भरायचा असतो. तो न भरल्यामुळे कलम 234बी खाली एप्रिलपासून दरमहा 1 टक्का व्याज लागतं. तिने 31 जुलैला कर भरला तर चार महिन्यांचे 3,488 रुपये. तिमाही हप्ते चुकल्याचं 234सी खालचं व्याज वेगळं.

एक फॉर्म वेळेत दिला असता तर?

या सगळ्यावर उपाय होता फॉर्म 12बी. नव्या कंपनीत रुजू होताना आधीच्या कंपनीचा पगार, कापलेला पीएफ आणि टीडीएस यांची माहिती या फॉर्ममध्ये देता येते. मग नवी कंपनी दोन्ही पगार एकत्र धरून कर काढते आणि उरलेल्या महिन्यांत विभागून कापते. या उदाहरणात दोन्ही पगारांवरचा कर 83,460 रुपये होतो. तो सहा महिन्यांत कापला गेला असता तर महिना साधारण 13,900 रुपये. व्याजावरच्या करापोटी उरले असते 3,744 रुपये. ते 10 हजारांच्या आत असल्याने अग्रिम कराचा प्रश्नही आला नसता.

फॉर्म 12बी भरायला पहिल्या कंपनीच्या सॅलरी स्लिप हाताशी लागतात आणि घोडं तिथेच अडतं. राजीनाम्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी ऑफिसचा ईमेल बंद होतो आणि पगाराच्या पोर्टलचं लॉगिनही बऱ्याचदा त्याच्याबरोबर जातं. मग स्लिपसाठी जुन्या एचआरला मेल करत बसावं लागतं.

फॉर्म 16 वर विसंबून राहण्यात आणखी एक अडचण आहे. तो मुळात कापलेल्या कराचा दाखला असतो. टीडीएस कापलाच नसेल तर तो देण्याचं बंधन कंपनीवर नसतं. या तरुणीला कदाचित दोन्हीकडून फॉर्म 16 मिळणारच नाही! मग पगाराचा पुरावा म्हणून तिच्याकडे उरतात बारा सॅलरी स्लिप आणि पहिल्या कंपनीचा फुल अँड फायनल हिशोब. शिल्लक रजेचे पैसे किंवा नोटीस पीरियडची कपात फक्त त्या शेवटच्या हिशोबातच दिसते.

म्हणून तिच्या यादीतली पहिली ओळ अशी हवी: सहा सॅलरी स्लिप आणि फुल अँड फायनल, मुदत सप्टेंबर 2025, स्वतःच्या ईमेलवर. स्लिप शेवटच्या दिवसाआधी डाउनलोड करायच्या आणि फुल अँड फायनल नंतर येतो, तो मागून घ्यायचा.

यादी कशी करायची?

मोबाइलमधली साधी स्प्रेडशीट पुरते. पाच रकाने करा: कोणता कागद, कोण देणार, कोणत्या महिन्यात मिळेल, रक्कम किती आणि विभागाला हे आधीच दिसतं का.

शेवटचा रकाना बऱ्याच तयार याद्यांमध्ये नसतो. पण कागद कशासाठी ठेवायचा हे त्यावरूनच ठरतं. पगार, व्याज, लाभांश, शेअर-फंडांची विक्री ही माहिती कंपन्या आणि बँका प्राप्तिकर विभागाला स्वतःहून कळवतात. तिथे तुमचा कागद लागतो तो ताळा करायला. याउलट तुम्ही भरलेलं घरभाडं किंवा आईवडिलांच्या विम्याचा हप्ता याचा पुरावा तुम्हालाच ठेवावा लागतो. तो हरवला तर वजावट मागता येते, पण चौकशी झाली की टिकवता येत नाही.

फाइलच्या नावात वर्ष आणि यादीतला क्रमांक टाकला की शोधाशोध संपते. उदाहरणार्थ:

```
2025-26_01_payslip_apr-sep.pdf
2025-26_04_fd_interest.pdf
2025-26_06_mf_capital_gain.pdf
```

जे विभागाला आधीच दिसतं

incometax.gov.in वर लॉगिन केलं की एआयएस म्हणजे वार्षिक माहिती विवरण पाहता येतं. नोव्हेंबर 2021 पासून ही सोय आहे. जुना फॉर्म 26एएस मुख्यतः कापलेला कर दाखवतो. एआयएसमध्ये त्यापलीकडची बरीच माहिती येते. डाउनलोड केलेली पीडीएफ उघडत नाही अशी तक्रार अनेक जण करतात. तिचा पासवर्ड असतो लहान अक्षरांतला पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख, मध्ये जागा न सोडता. नमुना असा:

```
abcde1234f15081996
```

आता तिच्या एफडीचं व्याज घ्या. 2025-26 मध्ये साठ वर्षांखालच्या ग्राहकाचं एका बँकेतलं व्याज वर्षाला 50 हजारांच्या आत असेल तर बँक टीडीएस कापत नाही. म्हणून तिचे 18 हजार फॉर्म 26एएसमध्ये कापलेला कर म्हणून दिसणार नाहीत. "कर कापला नाही म्हणजे दाखवायचं नाही" असा समज इथूनच तयार होतो आणि तो सरळ चुकीचा आहे. बँकेने व्याज कळवलेलं असतं, त्यामुळे ते एआयएसमध्ये येऊ शकतं. ते रिटर्नमध्ये नसेल तर तफावतीचा संदेश येण्याची शक्यता असते. बँकेच्या ॲपमधून किंवा नेटबँकिंगमधून एप्रिलमध्येच व्याज प्रमाणपत्र काढून घ्या. खाती तीन बँकांत असतील तर तीन प्रमाणपत्रं, म्हणजे यादीत तीन ओळी. शिक्षणाच्या काळात उघडलेलं, विसरलेलं खातंही त्यात धरा.

एफडी पाच वर्षांनी एकदम पैसे देणारी असली तरी बँक व्याज दरवर्षी मोजते आणि तसंच कळवते. त्यामुळे "पैसे अजून हातात आले नाहीत" म्हणून प्रमाणपत्र न काढणं महागात पडतं.

म्युच्युअल फंडाचं गणित जरा वेगळं आहे. डिसेंबरमधली 60 हजारांची विक्री एआयएसमध्ये दिसेल आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटेल की सगळ्या 60 हजारांवर कर लागणार. कर विक्रीवर नसतो, नफ्यावर असतो. एसआयपीमध्ये दर महिन्याचा हप्ता ही स्वतंत्र खरेदी धरतात आणि विकताना सर्वात जुने युनिट आधी विकले असं मानतात. तिची इक्विटी फंडातली एसआयपी 2023 पासूनची आहे. विकलेले युनिट त्या सुरुवातीच्या हप्त्यांचे आणि त्यांची खरेदी 51 हजारांची होती असं धरू. म्हणजे नफा 9 हजार, तोही बारा महिन्यांपेक्षा जुना. अशा दीर्घकालीन नफ्यावर वर्षाला 1 लाख 25 हजारांपर्यंत कर नाही. म्हणून वरच्या हिशोबात त्याचा करच आला नाही. रिटर्नमध्ये तो दाखवायचा मात्र आहेच.

हा हिशोब हाताने करण्याची गरज नाही. कॅम्स आणि केफिनटेक या दोन संस्था बहुतेक फंड घराण्यांच्या नोंदी ठेवतात. त्यांच्या वेबसाइटवरून कॅपिटल गेन स्टेटमेंट ईमेलवर मागवता येतं. एआयएसमध्ये खरेदीची किंमत कधी नसते, कधी अंदाजे असते. अशा वेळी हे स्टेटमेंट प्रमाण धरावं. एक बारकावा: विकलेल्यांत बारा महिन्यांच्या आतले युनिट असतील तर तो अल्पकालीन नफा होतो. मग सोपा आयटीआर-1 चालत नाही, आयटीआर-2 भरावा लागतो.

एआयएस चुकलं तर?

चुकतं. संयुक्त खात्याचं सगळं व्याज एकाच्याच नावावर पडतं, एकच व्यवहार दोनदा येतो, कधी दुसऱ्याच वर्षाचा आकडा दिसतो. त्या ओळीवर क्लिक करून प्रतिसाद नोंदवता येतो, उदाहरणार्थ `Information is not fully correct` हा पर्याय निवडून योग्य रक्कम लिहायची. तो नोंदवताना व्याज प्रमाणपत्र समोर हवं, नाहीतर बरोबर आकडा कोणता हे तुमचं तुम्हालाच सांगता येणार नाही.

वेळेचंही भान ठेवा. मार्चअखेरच्या तिमाहीचं टीडीएस विवरण भरायला कंपन्यांना 31 मेपर्यंत मुदत असते आणि बँका-फंडांच्या वार्षिक अहवालांचीही तीच तारीख. फॉर्म 16 ची मुदत 15 जून. त्यामुळे मेमध्ये उघडलेलं एआयएस बहुधा अर्धवट असतं. 15 जूननंतर पुन्हा डाउनलोड करून यादीतल्या रकमांशी लावून पाहिलेलं बरं. पगारदारांसाठी रिटर्नची नेहमीची मुदत 31 जुलै, म्हणजे ताळ्यासाठी सहा आठवडे मिळतात.

वजावटीच्या पावत्या: सगळ्यांना लागतात का?

नाही, आणि हे बऱ्याच जणांना कोणी सांगतच नाही. नव्या कररचनेत घरभाडं, 80सी खालची गुंतवणूक, 80डी खालचा आरोग्य विमा, देणग्या यांची वजावट मिळत नाही. 2023-24 पासून हीच रचना आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर ती निवडावी लागते, पगारदाराला हा पर्याय दरवर्षी मिळतो. जुन्या रचनेसाठी रिटर्न मुदतीत भरलेलं हवं.

या तरुणीचं भाडं महिना 20 हजार आहे. भाडं, पीएफ धरून 80सी चे दीड लाख आणि आरोग्य विम्याचे 25 हजार एवढं सगळं वजा केलं तरी जुन्या रचनेत तिचा कर 1 लाख 20 हजारांच्या पुढे जातो. नव्या रचनेत तो 87 हजार आहे. मग तिने भाडेपावत्यांसाठी घरमालकाच्या मागे लागण्यात अर्थ नाही. ज्यांचं गृहकर्जाचं व्याज मोठं आहे किंवा भाडं आणि पगार दोन्ही जास्त आहेत, त्यांनी मात्र एप्रिलमध्येच दोन्ही रचनांची तुलना करावी. प्राप्तिकराच्या वेबसाइटवर त्यासाठी कॅल्क्युलेटर आहे. जुनी रचना फायद्याची ठरली तरच यादीचा हा भाग उघडायचा.

मग मात्र तो नीट हवा, कारण करनिर्धारण वर्ष 2025-26 पासून रिटर्नमध्ये नुसती रक्कम लिहून भागत नाही. 80सी साठी पॉलिसी किंवा पावतीचा क्रमांक, 80डी साठी विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक, गृहकर्जासाठी कर्ज खात्याचा तपशील असं सगळं विचारलं जातं. जुलै 2025 मध्ये विभागाने खोट्या वजावटींच्या तपासात देशभर सुमारे 150 ठिकाणी कारवाई केली. त्यात असे दावे भरून देणारे मध्यस्थ मुख्य लक्ष्य होते.

भाड्याच्या बाबतीत तीन गोष्टी सोबत ठेवा: भाडेकरार, दर महिन्याची पावती किंवा बँकेतून दिल्याची नोंद आणि वर्षाचं भाडं 1 लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन. पॅन मागायला जुलैची वाट पाहू नका. घर सोडल्यानंतर जुने घरमालक फोन उचलतीलच असं नाही. त्यापेक्षा करार करतानाच तो करारात लिहून घ्यावा. रोख भाडं देत असाल आणि पावती 5 हजारांच्या वरची असेल तर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावायचा.

आरोग्य विम्याचा हप्ता रोखीने भरला तर वजावट मिळत नाही, आरोग्य तपासणीच्या 5 हजारांपर्यंतच्या खर्चाला तेवढी मुभा आहे. देणगी 2 हजारांच्या वर रोख दिली तर तीही वजावटीत धरत नाहीत. शिवाय देणगीची साधी पावती पुरत नाही. संस्थेकडून फॉर्म 10बीई हे प्रमाणपत्र मिळालं पाहिजे आणि ते पुढच्या 31 मेपर्यंत यायला हवं. यादीत त्या ओळीसमोर 'मे' लिहून ठेवा, म्हणजे संस्थेला वेळेत आठवण करता येईल.

तिची यादी शेवटी अशी दिसेल

- सप्टेंबर: पहिल्या कंपनीच्या सहा सॅलरी स्लिप, मागोमाग फुल अँड फायनल
- ऑक्टोबर: नव्या कंपनीला दिलेल्या फॉर्म 12बी ची प्रत
- डिसेंबर: फंड विक्रीची नोंद आणि मिळालेली रक्कम
- मार्चचा पहिला आठवडा: आतापर्यंतच्या उत्पन्नावर कराचा अंदाज, कमी पडत असेल तर 15 मार्चच्या आत अग्रिम कर आणि त्याचं चलन
- एप्रिल: प्रत्येक बँकेचं व्याज प्रमाणपत्र, कॅपिटल गेन स्टेटमेंट, दुसऱ्या कंपनीच्या सहा स्लिप
- 15 जूननंतर: फॉर्म 16 (आला तर), फॉर्म 26एएस, एआयएस आणि ताळा

एकूण दहा-बारा फाइल. त्यात मार्चची ओळ सर्वात जास्त पैसे वाचवते. फॉर्म 12बी द्यायचा राहून गेला असला तरी 31 मार्चपर्यंत भरलेला कर अग्रिम कर धरला जातो. तोवर पूर्ण रक्कम भरली तर 234बी खालचं व्याज लागत नाही.

रिटर्नसोबत यातला एकही कागद जोडायचा नसतो, म्हणून ते भरलं की फोल्डर डिलीट करण्याचा मोह होतो. तसं करू नका. संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यानंतर साधारण सव्वातीन वर्षांपर्यंत, आणि 50 लाख किंवा त्याहून जास्त उत्पन्न दडवल्याचा प्रश्न असेल तर सव्वापाच वर्षांपर्यंत विभाग जुनं प्रकरण पुन्हा उघडू शकतो. 2025-26 च्या उत्पन्नाचं करनिर्धारण वर्ष 31 मार्च 2027 ला संपतं. म्हणजे हे फोल्डर किमान जून 2030 पर्यंत फोनबाहेरही, एखाद्या ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हमध्ये असलेलं बरं. फंड किंवा शेअर खरेदीचे कागद मात्र ते विकून त्या वर्षाचं रिटर्न भरेपर्यंत आणि त्यानंतर तेवढीच वर्षं ठेवावे लागतात, खरेदी कितीही जुनी असली तरी.